व्हिडिओची लांबी कापणीतून ठरवा

कृती शिकवणारा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा हे आधी ठरवले, की तो भरण्यासाठी नको ते आत येते. त्याऐवजी 'हे पाहून कोणाला काय करता आले पाहिजे' हे एका वाक्यात लिहावे आणि कच्च्या संकलनातील प्रत्येक तुकडा काढून पाहावा. त्यावाचूनही ते काम जमत असेल, तर तो वगळावा.

गळक्या नळाचा वायसर प्रथमच बदलणाऱ्यासाठी केलेले संकलन 9 मिनिटांचे असेल, तर त्यातून स्वागत व ओळख (40 सेकंद), वायसरचे प्रकार (2 मिनिटे), हत्यारांची शोधाशोध (50 सेकंद) आणि स्क्रू फिरवत राहण्याचे दृश्य (1 मिनिट) गेल्यावर साडेचार मिनिटे उरतात. प्लंबरसाठी हाच व्हिडिओ याहूनही आटोपशीर होईल, कारण त्याला नळ खोलून भाग सुटे करणे दाखवावे लागत नाही.

मात्र नवख्यासाठीच्या व्हिडिओतून मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे आणि नळाचे भाग निघतात तो क्रम कधीही कापू नये. शेवटी एका नवख्याला व्हिडिओ पाहत काम करायला द्यावे. तो जिथे मागे जाऊन पुन्हा पाहतो, तिथे बहुधा कात्री जास्त चाललेली असते.