‘जुळलं’ म्हणजे ‘समजलं’ नव्हे: मालमत्ता = देयता + भांडवल शिकवताना या चुका टाळा

अकरावी वाणिज्यच्या नोट्स तपासायला माझ्याकडे येतात. त्यातलं लेखांकन समीकरणाचं प्रकरण उघडलं की पुढे काय येणार हे मला आधीच कळतं. पहिल्या ओळीत चौकटीत सूत्र, खाली ‘हे नेहमी समान असते’, मग दहा व्यवहारांचा तक्ता, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजांखाली दुहेरी रेघ. समान *का* असते, हे कुठेच नाही.

उदाहरणासाठी एक पिठाची गिरणी घेऊ. चालवणाऱ्या बाईंना ताई म्हणू. प्रकरण संपेपर्यंत ही एकच गिरणी. पहिला व्यवहार किराणा दुकानाचा, दुसरा फर्निचरवाल्याचा, तिसरा डॉक्टरांच्या दवाखान्याचा अशी खिचडी करू नका, मुलांना कशाचीच शिल्लक पुढे नेता येत नाही. आणि सगळे आकडे १०,००० चे ठेवू नका. कुठला दहा हजार कुठून आला हे मग तुम्हालाही सांगता येत नाही.

‘प्रत्येक नावेला जमा असते म्हणून’ हे कारण सांगणं

ही उलटी गंगा आहे. नावे आणि जमा हे नियम समीकरणावर उभे आहेत. समीकरण त्यांच्यावर उभं नाही. ज्या मुलाला अजून रोजकीर्द लिहिता येत नाही, त्याला हे कारण सांगणं म्हणजे फक्त गप्प बसवणं.

खरं कारण साधं आहे. गिरणीकडे स्वतःचं असं काहीच नसतं. तिच्याकडे जे आहे ते कुणीतरी दिलेलं आहे, आणि ज्याने दिलं त्याचं ती देणं लागते. ताईंनी बचतीतून १,५०,००० रुपये गिरणीच्या बँक खात्यात भरले. आता गिरणीकडे दीड लाख आहेत आणि ती ताईंचं दीड लाख देणं लागते. बँकेने एक लाखाचं कर्ज दिलं. गिरणीकडे अडीच लाख झाले: बँकेचं देणं एक लाख, ताईंचं दीड लाख. रक्कम एकच आहे, आपण ती दोन प्रश्न विचारून दोनदा मोजतो. ही रक्कम कोणत्या रूपात आहे? आणि तिच्यावर हक्क कुणाचा? पहिल्याचं उत्तर डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. तीच रक्कम दोनदा मोजल्यावर उत्तर वेगळं यायचं कारणच नाही.

इथे मुलं अडतात ती ‘गिरणी ताईंचं देणं लागते’ या वाक्यावर, कारण गिरणी ताईंचीच तर आहे. हिशोबापुरते आपण मालक आणि धंदा वेगळे धरतो, हे इथेच सांगा, पुढच्या प्रकरणावर ढकलू नका. ते धरलं नाही तर उजव्या बाजूला भांडवल का येतं याला उत्तरच उरत नाही.

भांडवल म्हणजे गल्ल्यातले पैसे, असं वाटू देणं

ताईंनी १,८०,००० ची चक्की आणि मोटर घेतली, पैसे बँकेतून दिले. वर्गात विचारून बघा, भांडवल किती उरलं? निम्मे तरी ‘कमी झालं’ म्हणतील. बँकेत ७०,००० उरले, चक्की १,८०,००० ची आली, डावी बाजू अडीच लाखच आहे. उजवीकडे कुणाचाही हक्क बदललेला नाही. भांडवल ही वस्तू नाही, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये सापडत नाही. तो ताईंच्या हक्काचा आकडा आहे.

मग ताईंनी भाजणी करून विकायची ठरवली आणि २०,००० चं धान्य उधारीवर आणलं. डावीकडे साठा वीस हजार, उजवीकडे धनको वीस हजार. दोन्ही बाजू २,७०,०००. यात अडण्यासारखं काही नाही, पुढे जा.

विकलेला माल विक्रीच्या किमतीने वजा करणं

या चुकीचा मला मनापासून वैताग आहे, कारण ती तक्त्यात दिसतच नाही.

एका क्लासच्या छापील नोट्समध्ये कापड दुकानाचं उदाहरण होतं. ४०,००० च्या साड्या उधारीवर घेतल्या. पुढे २५,००० ची रोख विक्री. तक्त्यात रोख अधिक २५,०००, साठा उणे २५,०००. दोन व्यवहारांनंतर २२,००० ची विक्री: रोख अधिक २२,०००, साठा उणे २२,०००. प्रत्येक ओळीला दोन्ही बाजू चोख जुळत होत्या, म्हणून कुणालाच शंका आली नाही. एका मुलीने मात्र शेवटची ओळ बघून विचारलं, “सर, साठा उणे ७,००० म्हणजे दुकानात नेमकं काय दिसेल?” सरांनी पुस्तक उघडलं, छपाईची चूक म्हणाले आणि खरेदीचा आकडा ४७,००० करायला सांगितला. मुलांनी पेनाने खोडून साठा ४७,००० केला, धनको ४७,००० केले, साठा शून्यावर आला. पुन्हा सगळं जुळलं!

नोट्स माझ्याकडे आल्या तेव्हा ती खाडाखोड तशीच होती. त्या दुकानदाराने अख्ख्या प्रकरणात एक रुपयाही नफा कमावला नव्हता. भांडवल पहिल्या दिवशी होतं तेवढंच शेवटी. माणूस दिवसभर दुकानात उभा राहून ज्यासाठी साड्या विकतो, तेच उदाहरणातून गायब होतं.

मूळ गडबड प्रश्नातच होती. साड्या किती रुपयांना विकल्या ते दिलं होतं, त्या दुकानदाराला किती रुपयांना पडल्या होत्या ते दिलंच नव्हतं. ते दिल्याशिवाय हा व्यवहार समीकरणात मांडताच येत नाही.

गिरणीत तो असा मांडायचा. ८,००० च्या धान्याची भाजणी एका खानावळीला ११,००० ला उधारीवर दिली. मजुरी-मसाला सध्या बाजूला ठेवू. साठा पडलेल्या किमतीने म्हणजे ८,००० ने कमी होतो. खानावळीकडून येणं ११,००० ने वाढतं. डावी बाजू ३,००० ने वाढली. हे तीन हजार कुणाचे? बँकेचे नाहीत, तिचं कर्ज तेवढंच आहे. धान्यवाल्याचेही नाहीत, त्याला वीसच हजार द्यायचे आहेत. मग ते ताईंचे. भांडवल ३,००० ने वाढलं. आणि खानावळीने अजून दमडी दिलेली नाही, तरीही वाढलं. हे वर्गात मोठ्याने म्हणा.

माझी सवय सांगतो. तक्त्यात भांडवलाच्या रकान्याशेजारी एक रिकामा रकाना ठेवतो. भांडवल हललं की तिथे कारण शब्दांत लिहायचं: मालकाने घातलं, कमाई, खर्च किंवा तोटा, उचल. या प्रकरणात पाचवं कारण येत नाही. कमाईचा शब्द एकदाही लिहिला गेला नाही, तर उदाहरणच फसलंय.

हप्ता आणि घरखर्च

महिनाभरात दळणाचे ३०,००० रोख आले, विजेचं बिल ९,००० भरलं. भांडवल आधी वाढलं, मग कमी झालं. घरखर्चाला ताईंनी १०,००० नेले. ती उचल, खर्च नाही. भांडवल दोन्हींनी कमी होतं, पण उचलीने नफा कमी होत नाही. कर्जाचा हप्ता ५,०००, त्यात व्याज १,०००. नोट्सवाले सगळे पाच हजार कर्जातून वजा करतात. कर्ज ४,००० नेच कमी होतं, व्याजाचे हजार भांडवलातून जातात.

फरक भांडवलात ढकलणं

घाईतल्या मुलांची ही आवडती युक्ती, आणि काही क्लासवाले ती ‘शॉर्टकट’ म्हणून शिकवतातही: मालमत्तेची बेरीज करा, देयता वजा करा, उरेल ते भांडवल. झालं, जुळलं! अशाने जुळणारच. मालमत्तेत चूक असेल तर तीही भांडवलात जाऊन बसेल.

भांडवल दोन वाटांनी काढा. एक वाट वरची. गिरणीकडे बँक-रोख ७६,०००, चक्की १,८०,०००, साठा १२,०००, खानावळीकडून येणं ११,०००: एकूण २,७९,०००. देयता: कर्ज ९६,००० आणि धान्यवाल्याचे २०,०००, मिळून १,१६,०००. उरले १,६३,०००. दुसरी वाट कारणांच्या रकान्याची: घातलेले १,५०,०००, कमाई ३०,००० आणि ३,०००, यातून बिल ९,०००, व्याज १,००० आणि उचल १०,००० वजा. हेही १,६३,०००. या दोन वाटा एकाच आकड्यावर आल्या तर ती तपासणी म्हणायची. तीही विसरलेला व्यवहार पकडत नाही. विजेचं बिल नोंदवायचंच राहिलं, तर दोन्ही वाटा सारख्याच चुकतात. तो बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिल्यावरच सापडतो. (घसारा मी मुद्दाम धरलेला नाही. या प्रकरणात तो आणू नका.)

देयता आणि भांडवल एकाच जातीचे हक्क समजणं

दोन्ही उजवीकडे लिहितो म्हणून मुलांना ते भाऊ-भाऊ वाटतात. फरक दाखवायचा तर चक्की जाळा. समजा आग लागली, चक्की आणि मोटर खाक, विमा नाही. डावी बाजू २,७९,००० वरून ९९,००० वर आली. बँक ९६,००० सोडणार नाही, धान्यवाला २०,००० सोडणार नाही. देयता १,१६,००० जागच्या जागी. मग भांडवल उणे १७,०००. समीकरण अजूनही खरं आहे. देणेकऱ्यांचा आकडा ठरलेला असतो, मालकाला उरलेलं मिळतं, आणि उरलेलं शून्याखालीही जाऊ शकतं.

इथे कुणीतरी हमखास लिहितं की धंदा वेगळा असल्याने ताईंना हे १७,००० भरावे लागणार नाहीत. चूक. एकट्याच्या मालकीचा धंदा हिशोबात वेगळा असतो, कायद्यात नाही. बँक आणि धान्यवाला ताईंच्या घरच्या पैशांतूनही वसुली करू शकतात. मालकापासून कायद्यानेही वेगळी असते ती कंपनी. तीत भागधारकाची जबाबदारी साधारणपणे त्याच्या शेअरच्या रकमेपुरतीच असते.