गरोदरपणातला हृदयविकार: या चुका टाळा

"गरोदर बाईला दम लागायचाच." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. साधा दम हळूहळू येतो, चढ चढताना जाणवतो आणि बाई रात्री आडवी झोपू शकते. उठून बसावं लागत असेल, खोकल्याने मध्यरात्री जाग येत असेल, तर तो साधा दम नव्हे. मी पहिला प्रश्न उशा किती लागतात हाच विचारतो. फॉर्म भरायची घाई असलेले ज्युनिअर नेमका तोच गाळतात.

एक पेशंट आठवते. तिसावा आठवडा, पहिलटकरीण, रात्रीचा खोकला आणि घरघर. दुसरीकडे दमा ठरवून तिला साल्ब्युटामॉलची वाफ दिली, आराम पडेना म्हणून पुन्हा दिली. आमच्याकडे आली तेव्हा नाडी १२८, ओठ काळपट, दोन्ही फुप्फुसांत खालपर्यंत बुडबुडे. इकोत मायट्रल झडपेचं तोंड १.१ चौरस सेंटिमीटर निघालं. निरोगी झडप ४ ते ६ असते, दीडच्या खाली आकुंचन गंभीर. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडलेली होती आणि लग्नाआधी तिला काहीच त्रास नव्हता.

मग तिसाव्या आठवड्यातच का? प्लाझ्मा ४० ते ५० टक्के वाढतो आणि ही वाढ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास कळसाला जाते. हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलावं लागतं. झडपेचं तोंड मात्र तेवढंच राहतं. प्रवाह वाढला की झडपेच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाह १.४ पट झाला की फरक जवळपास दुप्पट. एरवीचा पाऱ्याच्या ८ मिलिमीटरचा फरक इथे १६ वर जातो आणि हा दाब मागे फुप्फुसात साठतो.

त्यात नाडी. डावा कप्पा दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतच भरतो. ७० च्या नाडीला एका ठोक्याला ०.८६ सेकंद मिळतो, १२० ला अर्धा सेकंद, आणि कपात मुख्यतः भरण्याच्या वेळात होते. साल्ब्युटामॉलने तिची नाडी पळवली, म्हणजे अरुंद दारातून जायला उरलेला वेळही काढून घेतला. आम्ही तिला बसवून ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइड दिलं, मग मेटोप्रोलॉलने नाडी ऐंशीच्या घरात आणली. घरघर थांबली. गोळ्यांनी भागलं नसतं तर फुग्याने झडप उघडायची तयारी होती.

माझी सवय सांगतो: मायट्रल स्टेनोसिसमध्ये, म्हणजे अशा आखडलेल्या झडपेत, मी आधी नाडी बघतो, नंतर बाकीचं. अकाली कळा थांबवायला साल्ब्युटामॉलसारखंच नाडी पळवणारं टर्ब्युटालिन देणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे बाळ रडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. याच बाईची प्रसूती व्यवस्थित झाली, एपिड्युरल, शेवटी व्हॅक्यूम. त्या रात्री लघवी कमी म्हणून कोणीतरी सलाइनची बाटली जोरात सोडली आणि पहाटे ती पुन्हा उठून बसली. प्रत्येक कळेला गर्भाशय ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त अभिसरणात परत ढकलतं. प्रसूतीनंतर पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाब सुटतो, गर्भाशय आवळतं आणि हृदयाचं काम एकदम वर जातं. नंतर सुजेतलं पाणीही रक्तात परतत राहतं. म्हणून किमान ४८ ते ७२ तास मॉनिटर हलवायचा नाही आणि आत किती, बाहेर किती हे लिहायचं. लघवी कमी दिसली तर बाटली सोडण्याआधी छाती ऐका.

गळकी झडप दिसली की घाबरून जाणारे, आणि आखडलेली दिसली तरी निवांत बसणारे, दोन्ही पाहिलेत. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल होतात, त्यामुळे गळती सहसा निभते. अडथळा निभत नाही.

सगळ्यात भीतीदायक म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांचा उच्च दाब, आयसेनमेंगर धरून. त्याखालोखाल ३० टक्क्यांच्या आत आलेलं इजेक्शन फ्रॅक्शन, लक्षणं असलेला गंभीर एऑर्टिक स्टेनोसिस, मार्फानमध्ये ४५ मिलिमीटरच्या पुढे फुगलेली महाधमनी. अशांशी गर्भधारणेआधीच स्पष्ट बोलावं लागतं, सातव्या महिन्यात नव्हे.

कृत्रिम धातूची झडप असेल तर रक्त पातळ करणारं औषध कोणीही परस्पर बंद करू नये. बाळाच्या काळजीने गोळी थांबवली आणि झडपेवर गुठळी बसली, तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात.

ऑक्सिटोसिन शिरेतून झटक्यात देऊ नका, सावकाश चालू ठेवा. एकदम दिलं की रक्तदाब कोसळतो आणि नाडी उसळते. मेथर्जिन हृदयाच्या पेशंटच्या ट्रेमध्ये ठेवूच नका, घाईत हात तिथेच जातो.