ॲपवर ७१४ दिसले, हातात ३७० उरले: डिलिव्हरीच्या हिशेबात या चुका टाळा

रात्री बेळगावच्या आरपीडी क्रॉसवर चहाला थांबलं की जो तो डिलिव्हरीवाला मोबाईल पुढे करतो, "बघ, आज सातशेच्या वर!" मीही तेच करायचो. मग एका शनिवारी सकाळी निघताना आणि रात्री घरी आल्यावर गाडीचं रीडिंग वहीत लिहून ठेवलं. सकाळी ११ ते रात्री १०, टिळकवाडी-शहापूर झोन, १७ ऑर्डर. ऑर्डरचे ५४४, १६ ऑर्डरच्या स्लॅबचा इन्सेंटिव्ह १५० आणि एका काकूंनी दिलेली २० रुपयांची टिप, एकूण ७१४.

ॲपचे किलोमीटर धरू नका

ॲपवर ६१ किलोमीटर होते, गाडीवर ९८. मधले ३७ कुठे गेले? ग्राहकाला देऊन हॉटेलांच्या पट्ट्यात रिकामं परत येणं, दुसरं रेल्वे गेट पडलं म्हणून तिसऱ्या गेटच्या पुलावरून घातलेला वळसा, सकाळ-संध्याकाळ वडगावहून जाणं-येणं. याचे पैसे कुणी देत नाही, पेट्रोल मात्र जळतं.

ॲव्हरेजही शोरूमवाल्यानं सांगितलेलं धरू नका. टाकी गच्च भरा, रीडिंग लिहा, चार दिवस चालवा, पुन्हा गच्च भरा. जेवढे किलोमीटर झाले त्यांना दुसऱ्या वेळच्या लिटरनं भागा. माझ्या गाडीचं ६० सांगितलं होतं, निघालं ४२. दर १०३ रुपये धरला तर ९८ किलोमीटरला २४० रुपये. ॲपचे किलोमीटर आणि शोरूमचं ॲव्हरेज धरून मी १०५ च मोजत होतो.

ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक आणि सर्व्हिसिंग यांची वर्षभराची बिलं जुळवून मी किलोमीटरला ७० पैसे बाजूला काढतो. त्या दिवशीचे ६९ झाले. गाडीचा हप्ता असेल तर तो वेगळा.

मोबाईल फुकट चालत नाही

रिचार्ज २८ दिवसांचा, पण आपण कामावर २४ दिवस. म्हणून २९९ ला २४ नं भागायचं, रोजचे १२. मोबाईल १३,००० चा. दिवसभर उन्हात होल्डरवर, पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यामुळे दोन वर्षांपलीकडे बॅटरी टिकत नाही. त्याचे रोज २० आणि केबल-होल्डरचे ३. एकूण ३५.

७१४ मधून २४०, ६९ आणि ३५ गेले. उरले ३७०. अकरा तासांचे, म्हणजे तासाला ३३-३४ रुपये.

खिशातली कॅश ही कमाई नव्हे, एवढंही ध्यानात ठेवा. कॅश ऑर्डरच्या पैशातून पेट्रोल टाकलं की आठवड्याच्या पेमेंटमधून ते वळते होतात आणि "कंपनीनं कापले" म्हणून आपण ओरडतो.

स्लॅबची बेरीज आणि स्लॅबचा पाठलाग

आमच्याकडे तेव्हा १२ ऑर्डरला ८०, १६ ला १५० आणि २० ला २६० असे स्लॅब होते. नवीन पोरं ८० आणि १५० मिळून २३० धरतात. तसं नसतं, वरचा स्लॅब लागला की खालचा त्यातच जातो. तुमच्या ॲपमधल्या इन्सेंटिव्ह कार्डावर कसं आहे ते नियम उघडून वाचा. तिथंच गर्दीच्या वेळचे लॉगिन तास आणि ऑर्डर नाकारण्याची मर्यादा लिहिलेली असते. वीस ऑर्डर होऊनही पैसे आले नाहीत तर कारण बहुतेक वेळा याच दोन ओळींत सापडतं.

आता रात्रीचे दहा, १७ झाल्या, तीन बाकी. धावावं का? तीन ऑर्डरचे अंदाजे ९६, स्लॅबचे जादा ११०, मिळून २०६. किलोमीटरला पेट्रोल आणि झीज धरून ३ रुपये १५ पैसे खर्च. १८ किलोमीटर झाले तर ५७ जातील, १४९ उरतील. दोन तासांत १४९ म्हणजे दिवसाच्या सरासरीपेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून "स्लॅबच्या मागे लागूच नका" असं मी म्हणणार नाही.

पण हे सगळं तिसरी ऑर्डर आली तरच. एका मंगळवारी असाच १७ वर थांबलो होतो. बारापर्यंत दोनच आल्या, त्यातली एक लांब मच्छेची. नाकारावी तर इन्सेंटिव्हच्या अटीत अडकतो, म्हणून घेतली. दोन्हींचे मिळाले ७३. घरी पोहोचेपर्यंत २६ किलोमीटर झाले, त्याचा खर्च ८२. दोन तास राबून ९ रुपये पदरचे गेले, स्लॅब हुकला तो वेगळाच.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय, दहानंतर किती ऑर्डर आल्या याचा. माझ्या झोनमध्ये शनिवारी चारेक येतात, मंगळवार-बुधवारी दोन. मधल्या वारी दहा वाजता तीन बाकी असतील तर मी ॲप बंद करतो. एक बाकी असेल तर थांबतो.