सोन्याचा सौदा नफ्यात, मग खात्यात पैसे कमी का?

जळगावात राहून सोन्याचे भाव रोज कानावर पडतात. नोकरी सांभाळून एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्याचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या वायद्याचे सौदे, करावेत असं मला वाटलं, त्याचं कारण एवढंच. पैसे थोडे होते, म्हणून सगळ्यात लहान सौदा निवडला, गोल्ड पेटल. एक लॉट म्हणजे एक ग्रॅम. पहिला सौदा ३० रुपये नफ्यात सुटला आणि संध्याकाळी खात्यातले पैसे १९ रुपयांनी कमी झालेले दिसले. काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेला दिवसाच्या सौद्यांचा हिशेब, उघडून तास-दीड तास बसलो, तेव्हा कुठे उलगडा झाला. नव्याने या बाजारात येणाऱ्याने तो तास-दीड तास पहिला सौदा टाकण्याआधीच द्यावा, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या त्या ब्रोकरची दलाली प्रत्येक ऑर्डरला सरसकट २० रुपये होती. घेताना २०, विकताना २०. ग्रॅमचा भाव १०,००० धरला तर एक पेटल घेऊन विकण्याच्या फेरीवर दलाली ४०, तिच्यावरचा जीएसटी सात रुपयांच्या वर आणि बाकीचे आकार दीड-दोन रुपये, असे मिळून ४९ रुपये जातात. म्हणजे ग्रॅममागे भाव ४९ रुपये वर गेला तरच बरोबरी. दहा ग्रॅमच्या भाषेत ही ४९० रुपयांची चाल झाली. काही ब्रोकर ‘२० रुपये किंवा ०.०३ टक्के, यांतलं जे कमी ते’ असा दर लावतात. त्यांच्याकडे हीच फेरी पावणेनऊ रुपयांच्या आसपास पडते. खातं उघडताना मी हे वाक्य वाचलंच नव्हतं. लहान सौदा करणाऱ्याला दरपत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

पुढे मी गोल्ड मिनीवर आलो. लॉट १०० ग्रॅमचा, भाव मात्र दहा ग्रॅमचा लागतो. त्यामुळे भाव एक रुपया हलला की आपल्याला दहा रुपयांचा फरक पडतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून दहा ग्रॅमला १ लाख भाव धरू, म्हणजे सौद्याची किंमत १० लाख होते. घेऊन विकण्याची एक फेरी केली तर दलाली ४० रुपये. एक्स्चेंजचा आकार दोन्ही बाजूंना लाखामागे २ रुपये १० पैसे, म्हणजे ४२ रुपये. सीटीटी, म्हणजे कमोडिटी ट्रान्झॅक्शन टॅक्स, फक्त विक्रीवर ०.०१ टक्के, त्याचे १०० रुपये. स्टॅम्प ड्यूटी फक्त खरेदीवर, २० रुपये. सेबीची फी कोटीला १० रुपये, ती दोन रुपयांत आटोपते. दलाली, एक्स्चेंजचा आकार आणि सेबीची फी यांवर १८ टक्के जीएसटी, तो १५ रुपये. बेरीज २१९ रुपये. दहा ग्रॅमला २२ रुपये चाल मिळाली की आपण बरोबरीत. पेटलच्या ४९० समोर हा आकडा ठेवून पाहा.

आता माझी जी चूक सगळ्यात जास्त दिवस टिकली ती सांगतो. २१९ रुपये हे १० लाखांच्या मानाने किरकोळ वाटतात, शेकडा जेमतेम सव्वादोन पैसे. पण ते १० लाख माझे नव्हतेच. मी खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीचं तारण, म्हणून समजा १ लाख ठेवले होते. सीटीटी, स्टॅम्प आणि एक्स्चेंजचा आकार लागतो तो सौद्याच्या पूर्ण किमतीवर, आणि भरायचा असतो माझ्या १ लाखातून. महिन्यात वीस फेऱ्या केल्या की ४,३८२ रुपये गेले, म्हणजे माझ्या भांडवलाचे चार टक्क्यांहून जास्त, दर महिन्याला. भाव १ लाखाच्या वर चढला की दलाली तेवढीच राहते, बाकीचे आकार मात्र भावाबरोबर वाढतात.

तोच महिना पूर्ण मांडून दाखवतो. वीस सौद्यांपैकी अकरा नफ्यात, प्रत्येकी २,४०० रुपये. नऊ तोट्यात, प्रत्येकी १,६००. नफा २६,४००, तोटा १४,४००, हातात १२,०००. ॲपच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसतो तो हाच आकडा. त्यातून ४,३८२ खर्च वजा केला की ७,६१८ उरतात. आकार तोट्यातल्या नऊ सौद्यांवरही तितकाच लागलेला असतो, हे त्या हिरव्या आकड्यात दिसत नाही. मी तेव्हा जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात होतो, सेससह २०.८ टक्के. कर १,५८५ रुपये. राहिले ६,०३३. बारा हजारांतले जवळजवळ निम्मे गेले, आणि त्यातला मोठा वाटा कराचा नव्हता, फेऱ्यांचा होता. हेच १२,००० मिळवायला मी पंचावन्न फेऱ्या केल्या असत्या तर करासाठी काही उरलंच नसतं.

काँट्रॅक्ट नोटवर न दिसणारा एक खर्च आणखी असतो. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत अंतर असतं, आणि मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली की ते अंतर आपण भरतो. मिनीत दहा ग्रॅमला दहा रुपयांचं अंतर भरलं तर लॉटमागे १०० रुपये गेले, सीटीटीएवढेच. तेव्हापासून मी आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डरच टाकतो. काही सौदे त्यामुळे हुकतात, ते मला चालतं.

कराबद्दल पहिल्या वर्षी मला काहीच कळत नव्हतं. फ्युचर्सचा नफा दागिने विकल्यासारखा भांडवली नफा असेल असं मी धरून चाललो. तसं नाही. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर सीटीटी भरून केलेला सौदा हा सट्टा नसलेला व्यवसाय मानला जातो, आणि त्याचं उत्पन्न पगारात मिळवून आपल्या टप्प्याच्या दराने कर लागतो. जमेची बाजू अशी की दलाली, सीटीटी, स्टॅम्प, जीएसटी हे सगळं व्यवसायाचा खर्च म्हणून आधी वजा होतं. म्हणून वर कर १२,००० वर न लावता ७,६१८ वर लावला.

त्या पहिल्या वर्षी मला ३८,००० चा तोटा होता. कर भरायचाच नाही तर दाखवायचं काय, असं म्हणून नेहमीसारखा पगाराचा आयटीआर-१ भरून मोकळा झालो. दुसऱ्या वर्षी नफा झाला तेव्हा सीएंकडे गेलो. त्यांनी जुनं रिटर्न पाहिलं आणि म्हणाले, “अहो, तोटा दाखवलाच नाहीत तुम्ही. आयटीआर-३ मुदतीत भरला असता तर आठ वर्षं पुढे ओढता आला असता.” हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण पुढच्या वर्षांच्या व्यवसायाच्या नफ्यातून होतो. माझे त्या ३८,००० वरचे ७,९०४ रुपये कर म्हणून गेले, केवळ एक फॉर्म चुकीचा भरल्यामुळे. हे मला अजून लागून राहिलं आहे.

नोकरदाराने आणखी एक ध्यानात ठेवावं. ब्रोकर या नफ्यातून कर कापत नाही, आणि कंपनीला आपण कळवलं नाही तर पगारातूनही तो कापला जात नाही. पगारातून कापलेला कर वजा करूनही १०,००० किंवा जास्त कर देणं निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, नाहीतर व्याज चढतं. माझ्या टप्प्यात साधारण ४८,००० च्या निव्वळ नफ्याला ती वेळ येते. पैसे ट्रेडिंगच्या खात्यातच राहिले तर पुढच्या सौद्याच्या मार्जिनमध्ये अडकतात. म्हणून महिनाअखेरीला निव्वळ नफ्याचा पाचवा भाग मी बचत खात्यात काढून ठेवतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायकोने लाल पेनाने गोल करून ठेवल्या आहेत, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी.