मधाच्या बाटलीला भाव काय लावायचा? सातेरीच्या 25 पेट्यांचा पूर्ण हिशोब

मध काढायला शिकवणारे खूप भेटतात, भाव काढायला कुणी शिकवत नाही. त्यामुळे नवीन माणूस काय करतो, शेजारच्या गावात कुणी 500 ला विकतोय ना, मग आपण 480 लावू. पण त्याचा खर्च वेगळा, त्याचा फुलोरा वेगळा, आणि बरेचदा त्यानेही तिसऱ्याचा भाव बघूनच लावलेला असतो. मी हे सगळं महाबळेश्वर-जावळीकडच्या सातेरी माशीच्या पेट्या धरून लिहितोय. मेलिफेरावाल्यांचं गणित पूर्ण वेगळं, ते पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीला, सूर्यफुलाला नेतात आणि पेटीमागे आपल्या कितीतरी पट मध काढतात, त्यामुळे त्यांच्या किंवा मॉलमधल्या बाटलीच्या भावाशी बरोबरी करायला जाऊच नका. खाली दिलेले रुपये उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे आकडे घाला, पण पायऱ्या त्याच ठेवा.

आधी वर्षाचा खर्च, 25 पेट्या धरून. लाकडी पेटी, चौकटी आणि स्टँड मिळून 2,500, पेटी नीट ठेवली तर 8 वर्षं जाते, म्हणजे 25 पेट्यांचे वर्षाला साधारण 7,800. मधयंत्र, बुरखा, धुराडं, स्टीलची भांडी यांचे वर्षाला 2,000. दरवर्षी 5 वसाहती तरी जातातच, सातेरी आहे, मुंग्यांनी छळलं, मेणकिडा लागला, खायला कमी पडलं की पेटी सोडून निघून जाते, तर नवीन 5 वसाहती 2,000 प्रमाणे 10,000. पावसाळ्यात फुलं नसताना साखरपाणी द्यावं लागतं, त्याची 100 किलो साखर 4,500. पेट्रोल आणि किरकोळ 5,700. आणि स्वतःची मजुरी 60 दिवस, 500 प्रमाणे 30,000. सगळं मिळून 60,000.

मजुरीवर नवीन लोक हमखास वाद घालतात, म्हणतात मी घरचाच आहे, मला कशाला मजुरी. अरे, उद्या तुमचा पाय मुरगळला तर पेट्या बघायला माणूस लावाल ना, तो फुकट येणार आहे का? मजुरी खर्चात धरलीच पाहिजे, नफा त्याच्या वर. अनुदानाचंही तसंच. मध केंद्र योजनेत पेट्या 50 टक्के अनुदानावर मिळाल्या असतील तर उत्तमच, पण हिशोबात पेटीची पूर्ण किंमत धरा, कारण 8 वर्षांनी पेटी कुजेल तेव्हा दुसऱ्यांदा अनुदान मिळेलच असं नाही.

आता जिथे मी अडकलो होतो ते, म्हणून जरा लांबण लावतो. खर्च सगळे नीट लिहितात, पण तो भागायचा कशाने, हा आकडा चुकतो. प्रशिक्षणात सांगतात, चांगली पेटी 8 किलो देते. मग 25 गुणिले 8, 200 किलो, 60,000 भागिले 200, मध पडला 300 रुपये किलो, वा, झालं काम. इथेच माती होते. ते 8 किलो चांगल्या पेटीचे आहेत, तुमच्या पेट्यांच्या सरासरीचे नाहीत. प्रत्यक्षात एप्रिल-मे मध्ये जांभूळ-गेळ्याचा मध काढायला बसता तेव्हा 25 पैकी 5 पेट्यांत काहीच नसतं, एकतर माशी गेलेली असते नाहीतर वसाहत नुकतीच बसलेली असते. 6 पेट्या लेच्यापेच्या, त्यातून 3-3 किलो, म्हणजे 18. उरलेल्या 14 मधून 7 च्या सरासरीने 98. एकूण 116. त्यातला गाळताना, फेस काढताना, भांड्याला चिकटून आणि लोकांना चाखायला देताना 6 किलो जातो. बाटलीत जाण्यासारखा उरला 110. म्हणजे 60,000 भागिले 110, किलोला 545. कुठे 300 आणि कुठे 545!

आणि हेसुद्धा बऱ्या वर्षाचं. जांभळाच्या फुलोऱ्यात ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस लागला की माशी बाहेरच पडत नाही, खर्च मात्र तेवढाच होतो, उलट साखर जास्तच लागते. म्हणून तीन वर्षांची सरासरी धरा. समजा एका वर्षी 120, एकदा 70 आणि यंदा 110, सरासरी 100. मग किलोचा खरा खर्च 600. तुमच्याकडे तीन वर्षांची वही नसेल तर जवळपासच्या जुन्या मधपाळाला विचारा, पण "चांगल्या पेटीतून किती निघतो" असं विचारू नका, "मे महिन्याअखेर तुमच्या घरात एकूण किती किलो होता आणि पेट्या किती होत्या" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस अभिमानाने उत्तर देतो, दुसऱ्याला खरं देतो. आणि कारवीच्या वर्षाचा आकडा सरासरीत अजिबात घालू नका, ती काही वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षीचा जादा मध ही वरकड कमाई समजा.

काही जण ज्याने खर्च भागायचा तो किलोचा आकडा वाढवायला शॉर्टकट मारतात, पोळं सीलबंद व्हायच्या आधीच मध काढतात. वजन भरतं, पण ते पाण्याचं. एफएसएसएआयच्या नियमात मधात पाणी 20 टक्क्यांच्या आत लागतं, आणि आपल्याकडचा सातेरीचा मध तसाही पातळ असतो. त्याहून जास्त पाणी असलं की बाटलीत महिना-दोन महिन्यांत फेस धरतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, आंबूस वास येतो, लेबलखालून मध पाझरतो. आता समजा 23 टक्के पाणी असलेला 100 किलो मध तुम्ही आटवून 20 वर आणला तर तो 96 किलोच भरतो. म्हणजे जो जादा वाटत होता तो तुमचा नव्हताच. मधकोठीतल्या चौकटींवर निदान तीन चतुर्थांश सील चढल्याशिवाय हात लावू नका, आणि पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर दोघाचौघांत मिळून का होईना, पण घ्या.

आता बाटली. घाबरू नका, हा भाग सोपा आहे, फक्त मिली आणि ग्रॅमचा घोळ घालू नका. मध पाण्यापेक्षा जड, 1 लिटर म्हणजे साधारण 1.4 किलो. 500 मिलीची बाटली गळ्यापर्यंत भरली तर त्यात 700 ग्रॅम मध जातो, आणि तुम्ही ती अर्ध्या किलोच्या भावाने विकलीत तर प्रत्येक बाटलीत 200 ग्रॅम, आपल्या हिशोबाने 120 रुपये, फुकट. अर्ध्या किलोला साधारण 360 मिलीची बाटली लागते. बाटली बघून भरू नका, काट्यावर रिकामी ठेवून शून्य करा आणि 500 ग्रॅम भरा.

अर्ध्या किलोच्या बाटलीचं असं: आतला मध 300. काचेची बाटली झाकणासकट 22, लेबल 4, झाकणाचं सील 2, खोक्याचा वाटा 6, फुटतुटीचे 2, भरायची मजुरी 6. लॅबची तपासणी आणि नोंदणी मिळून वर्षाला 3,600, ते 200 बाटल्यांवर 18. हे सगळं 60, मधासकट 360. लेबलं स्वस्त पडतात म्हणून 2,000 छापून घेऊ नका. त्यावर एमआरपी असते आणि पुढच्या वर्षी भाव बदलला की उरलेली रद्दी. भाव, बॅच आणि पॅकिंगची तारीख शिक्क्याने मारायला जागा सोडा.

नफा किती, यावर माझं ठाम मत आहे, खर्चावर 25 टक्के. मजुरी आधीच घेतली आहे, हा नफा वाईट वर्षासाठी आणि दोन पेट्या वाढवण्यासाठी. 360 वर 90, झाले 450. एवढे पैसे तुमच्या हातात पडलेच पाहिजेत, मग बाटली कुठूनही विकली जावो.

दुकानदाराला ठेवायला दिली की तो 25 टक्के मागतो. ते 25 टक्के एमआरपीवरचे असतात, तुमच्या भावावरचे नाहीत. नवीन माणूस 450 वर 25 टक्के चढवतो आणि 562 छापतो. दुकानदार 562 चे 25 टक्के कापतो, तुमच्या हातात येतात 421. बाटलीमागे 29 रुपये गेले, म्हणजे नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बरोबर पद्धत भागाकाराची: 450 भागिले 0.75, एमआरपी 600. दुकानदार 30 टक्के मागत असेल तर 0.70 ने भागा.

मग घरून घेणाऱ्याला 450 ला द्यायची का? मी म्हणेन नका देऊ. प्रदर्शनाचा गाळा, कुरियर, फोनवर घालवलेला वेळ, तोही खर्चच आहे, आणि तुम्ही स्वतः 450 ला विकताय हे दुकानदाराला कळलं की तो बाटल्या परत पाठवतो. 540-550 ला द्या, गिऱ्हाईकही खूश.

पाव किलोची बाटली करणार असाल तर तिचा भाव 600 च्या निम्मा लावू नका. मध 150, पण लहान बाटलीही 15 ला पडते, लेबल 4, सील 2, खोकं 4, फूट 1, तपासणी 9, भरायची मजुरी तेवढीच 6. झाले 191. त्यावर 25 टक्के, साधारण 240, आणि दुकानासाठी 0.75 ने भागून 320. गिऱ्हाईक विचारतंच, दोन लहान घेतल्या तर 640 का? सरळ सांगा, बाटल्या दोन आहेत.

आणि कुणी म्हणालं की दुकानात याच्या निम्म्यात मिळतो, तर रागावू नका, भावही उतरवू नका. त्याला पेटी उघडून दाखवा, एका पेटीतून वर्षाला सरासरी 4 किलोच हाती लागतो ते सांगा, तपासणीचा कागद दाखवा. काही जण तरीही जातील. 200 बाटल्यांसाठी 200 माणसंसुद्धा लागत नाहीत, वर्षभर मध खाणारी 50 घरं धरून ठेवलीत तरी माल संपतो.