जर्मन कंपनीला तांत्रिक फी पाठवताना १० टक्के कर: या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्याने जर्मनीतल्या कंपनीकडून प्रेस लाइनचं डिझाइन करून घेतलं, असं समजू. फी ५०,००० युरो. बिल जानेवारी २०२५ मध्ये आलं, त्याच महिन्यात खात्यात नोंदलं गेलं आणि पैसे फेब्रुवारीत गेले. जर्मन कंपनीचं भारतात कायमस्वरूपी कार्यालय नाही. भारताच्या प्राप्तिकर कायद्यात अशा फीवरचा दर एप्रिल २०२३ पासून २० टक्के आहे, त्यावर सेस धरला की २०.८. भारत-जर्मनी कराराच्या कलम १२ मध्ये तो १० टक्के आहे आणि कलम ९० नुसार यांपैकी फायद्याचा दर घेता येतो. (कलमं, नियम आणि फॉर्म यांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते बदलले आहेत.)

कारखान्याने १० टक्के कापले, म्हणजे दर बरोबर होता. चूक झाली ती कागदांत.

फाइलमध्ये जर्मन कर कार्यालयाचं रहिवासी प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी होतं, पण ते २०२४ सालचं. जर्मनीत कॅलेंडर वर्ष धरतात, आपल्याकडे एप्रिल ते मार्च. त्यामुळे आपल्या आर्थिक वर्ष २०२४-२५ पैकी डिसेंबरपर्यंतचेच महिने त्या कागदात बसतात. जानेवारी ते मार्चच्या व्यवहाराला २०२५ चं टीआरसी लागतं. ही चूक फार सहज होते, कारण 'टीआरसी आहे' एवढं पाहून अकाउंट्सवाले पुढे जातात आणि कालावधीची ओळ कोणी वाचत नाही. परदेशी कंपनीने स्वतःची माहिती द्यायच्या फॉर्म १०एफ मध्येही तोच कालावधी भरलेला असतो, म्हणजे एका चुकीने दोन्ही कागद लंगडे होतात. हा फॉर्म पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो आणि पॅन नसलेल्या परदेशी कंपनीलाही तेव्हा तिथे नोंदणी करता येत होती. सही केलेला कागद ईमेलवर मागवून भागत नाही.

नंतर मिळालेलं टीआरसी त्या कालावधीचं असेल तर ते मांडता येतं. पण ते हाती नसताना नोटीस आली, तर उरलेला कर आणि त्यावर दरमहा १ टक्का व्याज पैसे देणाऱ्या भारतीय कंपनीकडेच मागितलं जातं. म्हणून डिसेंबरमध्येच पुढच्या वर्षाच्या टीआरसीची आठवण पाठवावी. आणि लक्षात ठेवा, कर कापायची वेळ पैसे पाठवताना नव्हे, तर बिल खात्यात जमा केलं किंवा पैसे दिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हाची. इथे ती जानेवारी.

दुसरा घोटाळा करारपत्रातल्या एका वाक्यामुळे होतो: 'कर भारतीय कंपनी भरेल.' जर्मन कंपनीच्या हाती पूर्ण ५०,००० युरो पडायचे असतील, तर कर ५,००० युरो होत नाही. कलम १९५ए प्रमाणे रक्कम आधी फुगवावी लागते. ५०,००० ला ०.९ ने भागलं की ५५,५५६ येतात आणि कर ५,५५६ युरो. हाच हिशेब २०.८ टक्क्यांनी केला तर कर १३,१३१ युरो. म्हणजे टीआरसीची तारीख चुकली तर सुमारे ७,५७५ युरोचा भार आणि तो सगळा चाकणच्या खिशातून. १० टक्क्यांवर सेस लावून १०.४ करणारेही भेटतात. तशी गरज नाही. अधिभार करारातल्या कराच्या व्याख्येतच येतो, आणि सेसही त्याच जातीचा, असं अपिलीय न्यायाधिकरणांनी निकालांत म्हटलं आहे.

पॅन नसेल तर कलम २०६एए मुळे २० टक्के कापावेच लागतील, हा समजही अर्धवट आहे. नियम ३७बीसी प्रमाणे परदेशी कंपनीचं नाव, पत्ता, ईमेल, फोन, टीआरसी आणि तिच्या देशातला कर क्रमांक घेतला की या फीला ते कलम लागत नाही.

मात्र इथेच सर्वांत दुर्लक्षित चूक दडलेली आहे. परदेशी कंपनीला भारतात रिटर्न भरण्यातून कलम ११५ए(५) सूट देतं, पण कर त्या कलमातल्या दरापेक्षा कमी कापलेला नसेल तरच. १० टक्क्यांनी कापला की ती सूट जाते. मग जर्मन कंपनीला रिटर्न भरावं लागतं आणि त्यासाठी पॅनही काढावा लागतो. ते भरलं नाही तर प्राप्तिकर खात्याचं पहिलं पत्र थेट जर्मनीला जातं आणि तिथला वित्त विभाग चाकणला फोन करून विचारतो, 'आमचा कर तर कापला होता ना?' हे करार करतानाच त्यांना लिहून कळवणं चांगलं.

शेवटी, जर्मनीचा नमुना अमेरिकेच्या बिलाला लावू नका. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर यांच्या करारांत तांत्रिक सेवेवर कर लागण्यासाठी ते ज्ञान तुमच्या हाती असं यावं लागतं, की पुढच्या वेळी तुम्ही ते स्वतः वापरू शकाल. नुसता सल्ला देऊन गेलेल्या अभियंत्याच्या बिलावर तिथे कदाचित काहीच कापायचं नसेल. जर्मनीच्या करारात ही अट नाही.