रविवारचा संदेश बुधवारी ऐका

चर्चमध्ये केलेल्या स्वतःच्या उपदेशाचं रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी ऐकू नका. काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं, कानाला चूक लागत नाही. मी बुधवारी दादर ते वसई लोकलमध्ये ऐकतो, हातात कागद.

आधी संदेशाचा गाभा एका वाक्यात लिहा आणि तो पहिल्यांदा कितव्या मिनिटाला आला ते बघा. माझा मागच्या वेळी अकराव्याला आला. तोवर पावसाच्याच गप्पा! मग प्रत्येक वचन पवित्र शास्त्र उघडून ताडा. मी ठासून म्हणालो होतो, ‘पैसा सर्व वाइटाचं मूळ’. 1 तीमथ्य 6:10 मध्ये पैसा नाही, पैशाचा लोभ आहे. पुढच्या रविवारी मंडळीसमोर दुरुस्ती केली.

सुरासाठी फक्त ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ मोजा. दोष सांगताना ‘तुम्ही’ आणि आशीर्वादाला ‘आपण’ येत असेल, तर ऐकणाऱ्याला ती झाडाझडतीच वाटते.

लांबीचं म्हणाल तर ‘शेवटी एकच सांगतो’ कितीदा आलं ते मोजा. माझं तीनदा. पहिल्यानंतरची सहा मिनिटं कापली, काही बिघडलं नाही.